मिल्कशेकचा पेला आणि साक्षीदारांचे शब्द : माहितीपटातील पुनर्निर्मित प्रसंगाची बांधणी

माहितीपटाला ज्या घटनेविषयी बोलायचे असते ती बहुधा कॅमेरा तेथे पोहोचण्यापूर्वीच घडून गेलेली असते, आणि तिचे उरलेले पुरावे म्हणजे काही माणसांच्या आठवणी, काही कागद आणि फार झाले तर एखादे छायाचित्र. ही पोकळी भरून काढण्यासाठी नट, वाहने आणि प्रकाशयोजना यांच्या साहाय्याने ती घटना पुन्हा उभी केली जाते, तेव्हा त्या चित्रणाला पुनर्निर्मित प्रसंग म्हणतात. वृत्तवाहिन्यांवरील गुन्हेगारी कार्यक्रमांमुळे मराठी प्रेक्षकाला हा प्रकार पडद्याच्या कोपऱ्यातील ‘नाट्यरूपांतर’ या पट्टीसह चांगला परिचित आहे. ती पट्टी प्रामाणिक असते, पण तिच्याने काम पुरते होत नाही, कारण माणसाच्या स्मरणात चित्र टिकते आणि ते चित्र कोठून आले याची नोंद मात्र लवकर पुसट होते. आठवड्याभराने प्रेक्षकाला धावणारा माणूस आठवतो, त्याच्याखालची अक्षरे आठवत नाहीत. म्हणून प्रसंग उभा केलेला आहे ही जाणीव अक्षरांवर सोपवून चालत नाही. ती प्रसंगाच्या रचनेतच असावी लागते, आणि तरीही प्रसंगाचे गांभीर्य कमी होता कामा नये. हे कसे साधते याचे सर्वांत शिकण्याजोगे उदाहरण म्हणजे एरॉल मॉरिस यांचा ‘द थिन ब्लू लाइन’ हा १९८८ सालचा अमेरिकी माहितीपट.

त्यातील प्रकरण असे आहे. नोव्हेंबर १९७६ मध्ये टेक्सास राज्यातील डॅलस शहरात मध्यरात्रीनंतर, दिवे न लावता चाललेली एक मोटार रॉबर्ट वुड या पोलीस अधिकाऱ्याने थांबवली आणि तो चालकाच्या खिडकीशी पोहोचताच त्याच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या, ज्यात त्याचा मृत्यू झाला. डेव्हिड हॅरिस या सोळा वर्षांच्या मुलाने ती मोटार चोरलेली होती. त्याच दिवशी रँडल अ‍ॅडम्स या तरुणाशी त्याची रस्त्यात ओळख झाली होती आणि दोघांनी दिवसाचा बराच वेळ एकत्र घालवला होता. अ‍ॅडम्सचे म्हणणे असे की गोळीबारापूर्वीच हॅरिसने त्याला मोटेलवर सोडले होते. हॅरिसचे म्हणणे असे की मोटार अ‍ॅडम्स चालवत होता, गोळ्याही त्यानेच झाडल्या आणि आपण शेजारच्या आसनावर खाली सरकून बसलो होतो. न्यायालयाने हॅरिसवर विश्वास ठेवला आणि अ‍ॅडम्सला फाशीची शिक्षा झाली, जी पुढे जन्मठेपेवर आली.

मॉरिस यांनी गोळीबाराचा प्रसंग चित्रपटात एकदाच दाखवला नाही, तर पुनःपुन्हा दाखवला, आणि प्रत्येक वेळी तो त्या क्षणी बोलणाऱ्या किंवा नुकत्याच बोलून गेलेल्या साक्षीदाराच्या निवेदनाप्रमाणे बदलला. मोटारीत कधी एकच माणूस आहे, कधी दोन आहेत. वुडबरोबर असलेली महिला पोलीस सहकारी एका आवृत्तीत नियमाप्रमाणे बाहेर उभी आहे, तर दुसरीत गाडीतच बसलेली आहे. या फेरबदलांतून एक साधी पण दूरगामी गोष्ट घडते: पडद्यावर जे दिसते ती घटना नसून घटनेविषयीचा कोणाचा तरी दावा आहे, हे प्रेक्षकाला कोणी न सांगता कळते. एकदाच दाखवलेली पुनर्निर्मिती ‘असे घडले’ असे म्हणते. तीच दुसऱ्यांदा थोडी वेगळी दाखवली की पहिलीही आपोआप ‘असे म्हणतात’ या पातळीवर येते. ज्या दिग्दर्शकाकडे एकच निवेदन आहे त्याला हा मार्ग अर्थातच मोकळा नाही, आणि त्याने कृत्रिमपणे दुसरी आवृत्ती घडवणे हे तर प्रसंग एकदाच दाखवण्याच्या दोषाहून मोठे पाप ठरेल.

या पद्धतीचा कस मिल्कशेकच्या पेल्यात दिसतो. वुड आणि त्याची सहकारी यांनी त्या रात्री खाण्यापिण्याच्या दुकानातून काही घेतले होते, त्यात एक मिल्कशेक होता. गोळीबार झाला तेव्हा सहकारी बाहेर दक्ष उभी होती की गाडीत बसून पीत होती, यावर तिने मारेकऱ्याला कितपत पाहिले असेल हे अवलंबून होते, आणि त्या पेल्याची जागा हा त्यासंबंधीचा एक धागा होता. मॉरिस यांनी पेला हवेतून जाताना आणि जमिनीवर आपटून त्यातील पेय पसरताना मंद गतीने दाखवला आहे. वास्तवात कोणाच्याही डोळ्याने तो क्षण असा पाहिलेला नाही, एवढ्या जवळून तर नाहीच, त्यामुळे ही दृष्टी कोणा साक्षीदाराची असू शकत नाही हे उघड असते. पण त्याच वेळी प्रेक्षकाची नजर अशा वस्तूवर खिळते जिच्यावर एका माणसाचे आयुष्य थोडेफार तरी टांगलेले आहे. प्रसंगाला वजन येते ते रक्ताच्या दर्शनाने नव्हे, तर पुराव्याचा तुकडा निरखण्याची जबाबदारी प्रेक्षकावर पडल्याने.

येथे चित्रचौकटीची निवड निर्णायक ठरते. संपूर्ण प्रसंग एका विस्तृत दृश्यात, नटांच्या चेहऱ्यांसह आणि संवादांसह रंगवला की तो कथापट होतो आणि प्रेक्षक नटाच्या अभिनयाचे मूल्यमापन करू लागतो. मॉरिस यांनी त्याऐवजी तुकडे घेतले: मोटारीचे मागचे दिवे, पेडलवरचा पाय, विजेरीचा प्रकाश, पिस्तुलाची नळी, वरून दिसणारा रस्ता. मारेकऱ्याचा चेहरा ठळकपणे दिसत नाही, आणि हे केवळ शैलीसाठी नाही. तो चेहरा कोणाचा हाच तर खटल्याचा प्रश्न होता. नटाचा चेहरा दाखवला असता तर चित्रपटाने प्रश्नाचे उत्तर गुपचूप देऊन टाकले असते. संवादांच्या जागी फिलिप ग्लास यांचे एकाच स्वरबंधाभोवती फिरणारे संगीत आहे, ज्यामुळे प्रसंग बातमीसारखा वाटत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत वर्तुळात सापडल्यासारखा भास होतो. संगीताने येथे फार मोठे काम केले आहे, आणि काही ठिकाणी ते प्रमाणाबाहेर गेले आहे असेही म्हणता येईल.

या पद्धतीतून प्रत्यक्ष कामासाठी एक शिस्त निघते. चित्रीकरणापूर्वी प्रत्येक चौकटीसमोर ती निवेदनातील कोणत्या वाक्यावर उभी आहे हे लिहून काढावे. ‘तो खिडकीशी आला’ एवढेच साक्षीदार म्हणत असेल, तर त्याचे डोके किती वाकले होते, हात कोठे होता हे कोणीच सांगितलेले नाही. तो तपशील चौकटीबाहेर ठेवावा, अंधारात जाऊ द्यावा किंवा त्याच्याऐवजी एखादी वस्तू दाखवावी. वाक्य सापडत नाही अशी चौकट दिग्दर्शकाची कल्पना असते, आणि ती कितीही देखणी असली तरी कोणत्या साक्षीला जोडायची हे ठरवता येत नसल्याने ती गाळणेच इष्ट. संकलनाच्या वेळी, म्हणजे चित्रीकरणाचे तुकडे जोडताना, प्रसंगापूर्वी किंवा प्रसंगावर बोलणाऱ्याचा आवाज असावा, जेणेकरून चित्र कोणाच्या खात्यावर लिहायचे हे प्रेक्षकाला कळेल. आवाज थांबला आणि चित्र मात्र चालू राहिले, तर ते चित्र हळूहळू कोणाचेच राहत नाही आणि म्हणून सत्य वाटू लागते.

या शिस्तीचा उलटा मार्ग कोठे नेतो हे ‘माइटी टाइम्स : द चिल्ड्रन्स मार्च’ या लघु-माहितीपटाभोवतीच्या वादातून समजते. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅममध्ये १९६३ साली मुलांनी काढलेल्या मोर्चांविषयीच्या या चित्रपटाला २००५ मध्ये ऑस्कर मिळाला. नंतर आक्षेप असा आला की, नव्याने घेतलेली दृश्ये जुन्या साधनांनी टिपून अस्सल जुन्या चित्रणात मिसळली होती आणि कोणते दृश्य नवे व कोणते जुने हे प्रेक्षकाला कळत नव्हते. येथे हेतूपेक्षा पोत महत्त्वाचा ठरतो: जुनी फिल्म म्हणजे पुरावा, असा प्रेक्षकाचा अलिखित समज असतो आणि त्याच समजाचा वापर झाला. मॉरिस यांची पुनर्निर्मिती मात्र इतकी चकचकीत, इतकी प्रकाशयोजनेत न्हालेली आहे की तिला कोणी १९७६ सालचे चित्रण समजेल ही भीती उरत नाही.

अशीच सरमिसळ समर्थनीय ठरते असेही उदाहरण आहे. सारा पोली यांच्या ‘स्टोरीज वी टेल’ या २०१२ सालच्या चित्रपटात जुन्या घरगुती फिल्मसारखी दिसणारी पुनर्निर्मित दृश्ये अस्सल दृश्यांबरोबर वापरली आहेत आणि उत्तरार्धात दिग्दर्शिका नटांना सूचना देताना दिसते, तेव्हा प्रेक्षकाला आपण कशावर विश्वास ठेवला हे उमगते. ते विलंबित प्रकटीकरण तेथे पटते, कारण चित्रपटाचा विषयच कुटुंबाच्या आठवणींची अविश्वसनीयता हा आहे. एखाद्याच्या शिक्षेशी संबंध असलेल्या प्रकरणात मात्र असा उशीर परवडणारा नाही, आणि या दोन्हींची सांगड घालण्याचा मोह दिग्दर्शकाने टाळावा.

मॉरिस यांच्या निवडीचा सर्वांत धाडसी भाग शेवटी येतो. हॅरिसच्या अखेरच्या, म्हणजे १९८६ सालच्या मुलाखतीच्या वेळी कॅमेरा बिघडला होता आणि केवळ ध्वनिमुद्रण हाती लागले. चित्रपटात हॅरिसचा आवाज ऐकू येत असताना पडद्यावर ध्वनिमुद्रण यंत्र दिसते आणि त्याच्या बोलण्यातून अ‍ॅडम्स निर्दोष असल्याचे सूचित होते. एवढ्या आवृत्त्या दाखवल्यानंतर खरी ठरू पाहणारी आवृत्ती दाखवण्याची संधी असूनही ती नाकारली गेली. ज्या क्षणी शब्दांना सर्वाधिक विश्वासाची गरज होती, त्या क्षणी पुनर्निर्मितीला बाजूला ठेवणे हेच तिचे योग्य मूल्यमापन होते. मार्च १९८९ मध्ये अ‍ॅडम्सची तुरुंगातून सुटका झाली. चित्रपटाला ऑस्करचे नामांकन मात्र मिळाले नाही, आणि पुनर्निर्मित प्रसंगांवरील आक्षेप हे त्यामागचे एक कारण सांगितले जाते.

या पद्धतीला मर्यादा आहेत. एकाच माणसाचा मृत्यू इतक्या वेळा, इतक्या सुंदर प्रकाशात दाखवल्याने रॉबर्ट वुड हा तपासाचा दुवा बनतो आणि माणूस म्हणून तो फारसा समोर येत नाही. निर्दोष माणसाला वाचवण्याच्या घाईत मृताविषयीची आस्था कोपऱ्यात गेली, हा आक्षेप पूर्णपणे खोडून काढता येत नाही. म्हणून प्रत्येक पुनरावृत्तीमागे एक नवा तपशील असलाच पाहिजे, ज्याने आधीच्या आवृत्तीशी विरोध किंवा दुरुस्ती घडते, आणि तसा तपशील नसेल तर ती फेरी केवळ थरारासाठी आहे असे समजून कापावी. जोडणी पूर्ण झाल्यावर विषयाशी अनभिज्ञ असलेल्या चार-पाच जणांना ती दाखवावी आणि काही दिवसांनी, दृश्ये पुन्हा न दाखवता, कोणते चित्र कोणाच्या सांगण्यावरून होते असे विचारावे. एखाद्याने नटाने केलेल्या कृतीला ‘ते तर त्यांनी चित्रितच केले होते’ असे म्हटले, तर त्या दृश्याचा पोत, आवाज किंवा आधी येणारे निवेदन बदलावे लागते, आणि बहुतेक वेळा दोष त्या चौकटीत नसून तिच्या अगोदर तुटलेल्या निवेदकाच्या आवाजात सापडतो.