बंद न पडणारा सिंक

ऑनलाइन दुकानात दिवसभर पडलेल्या ऑर्डरी रात्री दोन वाजता आपोआप हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये जातात. सकाळी अकाउंटंट येतो तेव्हा विक्री, कर, परतावे सगळं जागच्या जागी असतं. हे काम करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला ‘सिंक’ म्हणतात. एकदा बसवला की तो वर्षानुवर्षं चालतो, आणि बसवणारा माणूस दरम्यान नोकरी बदलून गेलेला असतो. अशा वेळी दुकानाच्या प्लॅटफॉर्मकडून ईमेल येतं : तुम्ही वापरत असलेली एपीआयची आवृत्ती अमुक तारखेनंतर मिळणार नाही.

एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे माहिती कशी मागायची आणि उत्तर कोणत्या साच्यात यायचं, याचा ठरलेला करार. करार बदलला की नवी आवृत्ती निघते आणि जुनी काही काळ सोबत चालू ठेवून मग निवृत्त होते. जुनी आवृत्ती निवृत्त झाल्यावर काय होतं, हे मात्र प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे. सिंक सांभाळणाऱ्याने सगळ्यात आधी हेच शोधायला हवं.

सेल्सफोर्सने २०२५च्या उन्हाळी आवृत्तीबरोबर आपल्या एपीआयच्या २१.० ते ३०.० या आवृत्त्या बंद केल्या. जुन्या पत्त्यावर रेस्ट पद्धतीने विनंती केली की उत्तर येतं 410, म्हणजे ‘ही गोष्ट आता नाही’. सिंक धाडकन पडतो आणि सकाळी फोन वाजतो. त्रास होतो, पण काय झालं ते कळतं.

शॉपिफायची रीत वेगळी आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. तिथे दर तीन महिन्यांनी नवी आवृत्ती येते. तिचं नावच तारखेचं असतं आणि ते विनंतीच्या पत्त्यात लिहावं लागतं :

```
/admin/api/2024-01/orders.json
```

प्रत्येक आवृत्ती किमान बारा महिने मिळते. मुदत संपल्यावर मात्र हा पत्ता बंद होत नाही. त्या वेळी उपलब्ध असलेल्या सगळ्यात जुन्या आवृत्तीतून उत्तर दिलं जातं. तुम्ही 2024-01 मागता आणि हातात पडते पुढची आवृत्ती. तिथले लोक याला ‘फॉल फॉरवर्ड’ म्हणतात. हेतू चांगला आहे : हजारो दुकानं एका रात्रीत ठप्प होऊ नयेत. पण रोजच्या सिंकसाठी हीच सोय सगळ्यात घातक ठरू शकते, असं माझं मत आहे.

समजा, नव्या आवृत्तीतून ऑर्डरमधला एक रकाना काढून टाकला आहे. रेस्ट पद्धतीत तो रकाना उत्तरात नुसता दिसेनासा होतो. प्रोग्रॅम त्या जागी रिकामं मूल्य भरतो आणि पुढे जातो. ग्राफक्यूएल या नव्या पद्धतीत चूक वेगळ्या वाटेने लपते. नसलेला रकाना मागितला तर पूर्ण विनंती नाकारली जाते, पण सर्व्हरचा प्रतिसाद-क्रमांक 200 च असतो, म्हणजे ‘सगळं ठीक’. नकार उत्तराच्या पोटात, errors या भागात लिहिलेला असतो. फक्त 200 पाहून समाधान मानणारा सिंक ‘आज शून्य ऑर्डरी’ असं नोंदवतो आणि यशस्वी झाल्याचा शेरा मारतो.

खरं नुकसान त्यानंतर होतं. सिंक दर रात्री सगळ्या ऑर्डरी मागत नाही. ‘मागच्या वेळेनंतर बदललेल्या तेवढ्याच दे’ असं म्हणतो. त्यासाठी तो शेवटच्या यशस्वी फेरीची वेळ जपून ठेवतो. रिकामी फेरी यशस्वी मानली की ही खूण पुढे सरकते आणि त्या दिवसाच्या ऑर्डरी पुन्हा कधीच मागितल्या जात नाहीत. शिवाय शॉपिफायमध्ये खास परवानगी घेतलेली नसेल तर ॲपला फक्त मागच्या साठ दिवसांतल्याच ऑर्डरी वाचता येतात. गफलत तिमाहीचा जीएसटी जुळवताना लक्षात आली, तर सुरुवातीच्या काही आठवड्यांचा भरणा त्या वाटेने करताच येत नाही.

हे ओळखायला एक सोपी खूण आहे. प्रत्येक उत्तरासोबत, ते कोणत्या आवृत्तीतून आलं हे सांगणारी ओळ येते :

```
X-Shopify-API-Version: 2024-04
```

मागितलेली आणि मिळालेली आवृत्ती रोज ताडून पाहायची. जुळली नाही तर फेरी तिथेच थांबवायची आणि वेळेची खूण जागची हलू द्यायची नाही. एवढी एक तपासणी असली तर गुपचूप होणारी चूक उघड होते.

आता प्रत्यक्ष स्थलांतर. शॉपिफायने १ ऑक्टोबर २०२४पासून रेस्ट पद्धत ‘जुनी’ ठरवली आहे, त्यामुळे बरेच जण आवृत्ती बदलतानाच ग्राफक्यूएलकडे जातात. तिथे जुना सिंक बंद करून नवा सुरू करण्याची घाई करू नये. दोन्ही सोबत चालवावेत. नव्याचा माल हिशेबात न टाकता वेगळ्या तक्त्यात ठेवावा आणि एकाच आठवड्याच्या ऑर्डरी समोरासमोर लावाव्यात.

समजा, जुन्या वाटेने २१२ ऑर्डरी आणि ३,१८,४५० रुपये आले. नव्या वाटेनेही २१२च ऑर्डरी आल्या, पण रक्कम ३,११,२५०. संख्या जुळली म्हणून सोडून दिलं असतं तर ७,२०० रुपयांचा फरक हिशेबात मुरला असता. एकेक ऑर्डर लावून पाहिल्यावर फरक फक्त सहा ऑर्डरींत सापडतो आणि त्या सहाही ऑर्डरींत ग्राहकाने माल परत केलेला असतो. जुना सिंक मूळ रक्कम, म्हणजे total_price वाचत होता. नवा लिहिणाऱ्याने नाव पाहून currentTotalPriceSet घेतलं, ज्यात परतावा आधीच वजा झालेला असतो. हिशेबात परताव्याची नोंद वेगळी पडतेच, म्हणजे ती रक्कम दोनदा वजा झाली असती. इथे totalPriceSet घ्यायला हवं होतं.

तुलनेत आणखी दोन गोष्टी हमखास सापडतात. पैसे भरल्याची खूण जुन्या उत्तरात paid अशी होती, नव्यात ती PAID आहे. लहान अक्षरं शोधणाऱ्या प्रोग्रॅमला एकही भरलेली ऑर्डर दिसत नाही. दुसरी अधिक खोल आहे. जुना ऑर्डर क्रमांक 450789469 असा नुसता आकडा होता. आता तो gid://shopify/Order/450789469 असा येतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर याला नवीच ऑर्डर समजतं आणि तीच विक्री दुसऱ्यांदा चढते. जुना आकडा legacyResourceId या रकान्यात मिळतो. ओळख तिथूनच ठेवावी.

ही ओळख पक्की झाल्यावरच बदलाची रात्र ठरवता येते. त्या रात्री वेळेची खूण मुद्दाम तीन-चार दिवस मागे न्यायची, म्हणजे दोन सिंकच्या सांध्यात काही निसटत नाही. आधीच आलेल्या ऑर्डरी पुन्हा येतील, पण क्रमांक तोच असल्याने सॉफ्टवेअर जुनी नोंद अद्ययावत करेल, नवी करणार नाही. क्रमांकाचा प्रश्न सोडवण्याआधी हे केलं तर मात्र तीन-चार दिवसांची विक्री दुप्पट दिसेल. आणि जुन्या सिंकचा कोड लगेच पुसू नये. त्याची मुदत उरली असेल तोवर महिनाअखेरीचा एक ताळमेळ दोन्हींतून काढून पाहता येतो. महिनाअखेरीला येणारे मोठे परतावे आणि रद्द ऑर्डरी आठवड्याच्या तुलनेत सापडलेल्या नसतात.