उशीर एका परिच्छेदात, भिजलेला माल दुसऱ्यात
व्यवहाराची पत्रे : भाग ७

मागच्या भागात आपण ऑर्डरचे पत्र लिहिले. ती ऑर्डर बिघडली तर काय लिहायचे, ते आज पाहू. सरावासाठी उदाहरण कुहीचे घेऊ. नागपूर जिल्ह्यातल्या या तालुक्यात आणि शेजारच्या भिवापुरात हिवाळा लागला की मिरचीचे सातरे भरतात. मोकळ्या जागेवर लाल मिरची पसरायची, बायांनी तिचे देठ मोडायचे, प्रतवारी करायची आणि पोत्यात भरायची. मिरची कितीही चांगली असली तरी पोते ओलसर निघाले की तिला बुरशी लागते. त्यामुळे सातरेवाल्याच्या दृष्टीने बारदाना ही किरकोळ खरेदी नाही.

समजू या, कुहीच्या एका सातरेवाल्याने १८ डिसेंबरला नागपूरच्या बारदाना व्यापाऱ्याकडे तागाची २,००० नवी पोती मागवली. भाव पोत्याला ५० रुपये, कर वेगळा. एका गाठीत ५०० पोती, म्हणजे चार गाठी. माल १० जानेवारीपर्यंत कुहीत पोच द्यायचा, असे ऑर्डरमध्ये लिहिले होते. तो आला २२ तारखेला. एक गाठ भिजलेली होती आणि तिच्यातली १८० पोती काळे डाग पडून कुबट झाली होती. मधल्या काळात मिरची उघड्यावर ठेवता येईना, म्हणून १५ तारखेला दुसरीकडून ५८ रुपयांनी ६०० पोती घ्यावी लागली.

अशा वेळी माणूस रागाने जे पहिले पत्र लिहितो ते साधारण असे असते : ‘तुमचा माल वेळेवर आला नाही, आला तो सडका आला, आमचे अतोनात नुकसान झाले, पैसे मिळणार नाहीत, ग्राहक आयोगात जाऊ.’ यातून किती पोती खराब झाली ते कळत नाही आणि नेमके काय हवे तेही कळत नाही. शिवाय ती धमकी पोकळ आहे. धंद्यासाठी घेतलेला माल सहसा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला तेवढा अपवाद आहे. बाजारात मुरलेला व्यापारी हे जाणून असतो. पोकळ धमकी वाचली की तो बाकीचे पत्रही गांभीर्याने घेत नाही.

मुळात इथे तक्रारी दोन आहेत आणि दोघींचे घड्याळ वेगळे आहे.

उशिराचे घड्याळ फार लवकर संपते. भारतीय करार कायदा, १८७२ याचे कलम ५५ सांगते की वेळ हाच कराराचा गाभा असेल आणि तरी तुम्ही उशिरा आलेला माल घेतलात, तर उशिराबद्दल भरपाई मागणार असल्याचे माल घेतानाच कळवले पाहिजे. गप्प बसून गाठी उतरवल्या आणि महिन्याने हिशेब पाठवला, तर समोरचा म्हणेल, ‘तेव्हा का बोलला नाहीत?’ हंगामी मालात वेळ हाच गाभा आहे हे दाखवणे सोपे असते, पण ऑर्डरमध्ये ‘१० जानेवारीनंतर चालणार नाही’ असे वाक्य असेल तर वादच उरत नाही. कळवायचे म्हणजे व्यापाऱ्याला कळवायचे. बिल्टीवर शेरा मारला की काम झाले असे पुष्कळांना वाटते, पण बिल्टीची ती प्रत जाते ट्रान्सपोर्टवाल्याकडे. व्यापाऱ्याला त्याच दिवशी लेखी संदेश जायला हवा.

खराबीचे घड्याळ जरा सैल आहे. मालविक्री कायदा, १९३० माल तपासायला वाजवी संधी देतो. ही संधी किती दिवसांची ते आकड्यात सांगितलेले नाही, पण वाजवी मुदत उलटूनही काही न कळवता माल ठेवून घेतला, तर तो पसंत केला असे धरले जाते. माल स्वतः बनवणारा पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल, तर १५ दिवस लक्षात ठेवावेत. तेवढ्यात लेखी हरकत घेतली नाही, तर २००६च्या कायद्यानुसार त्याचे पैसे देण्याची मुदत माल मिळाल्या दिवसापासूनच मोजतात.

खराबी कुठे झाली, हाही प्रश्न आहे. गाठ फोडण्याआधी चारही बाजूंनी मार्क्यासह फोटो घ्यावेत. पाणी एका बाजूने शिरून पिवळट रेघ आत आत जात असेल, तर प्रवासात ताडपत्री गळाल्याचा संशय येतो. बाहेरची पोती कोरडी आणि मधली काळी असतील, तर ओलसर मालाचीच गाठ बांधली असावी. ठरलेली पोच कुहीची असल्याने वाटेतली खराबी आधी व्यापाऱ्याच्या माथी येते. तीच ऑर्डर ‘पोच नागपूर, पुढची गाडी आमची’ अशी असती, तर गाडीवाल्याला धरावे लागले असते. रस्ता वाहतुकीच्या २००७च्या कायद्यानुसार त्याच्यावर दावा करण्याआधी, माल बुक केल्यापासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते.

आता पत्र. तारीख २४ जानेवारी.

‘विषय : १८ डिसेंबरच्या ऑर्डरचा बारदाना उशिरा व अंशतः खराब मिळाल्याबाबत.

स.न.वि.वि.

वरील ऑर्डरप्रमाणे २,००० पोती १० जानेवारीपर्यंत कुही येथे पोच व्हायची होती. ती २२ जानेवारीस मिळाली. उशिराबद्दल भरपाई मागणार असल्याचे माल उतरवतानाच संदेशाने आपणांस कळवले आहे. मधल्या काळात आम्हांस ६०० पोती ५८ रुपये दराने घ्यावी लागली. दरातील ८ रुपयांच्या फरकाने ४,८०० रुपये जादा गेले. बिलाची प्रत सोबत आहे.

चार गाठींपैकी एक भिजलेली होती. तीमधील १८० पोती डागाळलेली व कुबट असून मिरची भरण्यास निरुपयोगी आहेत. ही पोती आम्ही नाकारत आहोत. त्यांची किंमत ९,००० रुपये व त्यावरील कर यांची क्रेडिट नोट द्यावी. बाकी १,८२० पोती आम्ही स्वीकारली आहेत.

नाकारलेली पोती वेगळी ठेवली आहेत. ३१ जानेवारीपर्यंत आपला माणूस पाठवून पाहून घ्यावीत व न्यावीत. बिल्टीची शेऱ्यासह प्रत व फोटो जोडले आहेत.’

एवढे पुरे. उशीर आणि खराबी वेगळ्या परिच्छेदांत असल्याने व्यापारी एक मान्य करून दुसरीवर घासाघीस करू शकतो, आणि बहुतेक वेळा तो तेच करतो. ९,००० लगेच सुटतात, ४,८०० वर बोलणी होतात. दोन्ही मिळून १३,८०० असा एकच आकडा टाकला असता, तर सगळाच अडकला असता. ‘मनस्ताप’, ‘बाजारातील पत’ वगैरे मी मुद्दाम गाळले आहे, कारण त्यांचे बिल जोडता येत नाही.

पत्र स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपावी. व्हॉट्सअॅपवर फोटो त्याआधीच गेलेले असावेत. नाकारलेली पोती परत पोचवण्याची जबाबदारी आपली नाही, वेगळा करार नसेल तर नाकारल्याचे कळवणे पुरते. मात्र त्यांतली चार पोतीसुद्धा हमालाने निकड म्हणून भरून टाकली, तर ‘निरुपयोगी’ या शब्दावर व्यापारी लगेच बोट ठेवील. म्हणून ती पोती सातऱ्यावर न ठेवता गोदामात कुलपाआड टाकावीत.