अंगठ्याच्या नखाखालची बुरशी

पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं पडतं, वर्षागणिक जाड होत जातं आणि नेलकटर लावला की भुगा पडतो. दुखत नसल्यामुळे माणूस ते मोज्यात झाकून ठेवतो. दुखण्याची सुरुवात मात्र बहुतेक वेळा नखात झालेलीच नसते, ती बोटांच्या बेचक्यांत झालेली असते. पावसाळ्यात किंवा दिवसभर बंद बुटात राहून बेचक्यातली कातडी पांढरी पडते, सोलवटते, खाजते. आपण त्याला चिखल्या म्हणतो. पुष्कळदा त्यामागे ट्रायकोफायटन रुब्रम नावाची बुरशी असते. खाज थांबली तरी ती तळव्याच्या कोरड्या कातडीत टिकून राहू शकते आणि तिथून नखाकडे सरकते.

ती नखावरून आत जात नाही, खालून शिरते. नखाचं पुढचं टोक कातडीपासून जिथे सुटतं तिथे, किंवा कडेच्या खाचेतून. अंगठा बुटात सतत आपटत असेल तर तिथली चिकट बांधणी आधीच सैल झालेली असते आणि बुरशीला वाट मिळते. तिचं खाद्य म्हणजे केरॅटिन, म्हणजे ज्या प्रथिनाचं नख बनतं तेच. आत शिरल्यावर ती टोकाकडून मुळाकडे, नखाच्या वाढीच्या उलट दिशेने सरकत जाते. खालची कातडी या त्रासाला उत्तर म्हणून जास्त पेशी तयार करते. त्यांचा थर नखाखाली साचतो, नख वर उचललं जातं आणि पोकळीत पिवळट, ठिसूळ भुगा भरतो. नख जाड दिसतं त्याला हा साठलेला थर मोठ्या प्रमाणात कारणीभूत असतो.

आता ही बुरशी इतकी चिवट का, ते पाहू. नखात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे शरीराच्या संरक्षक पेशी तिथवर पोचत नाहीत. वरून लावलेलं साधं मलम जाड नख भेदून खाली उतरत नाही. तिसरं कारण म्हणजे नखाची संथ वाढ. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, पायाच्या अंगठ्याचं जेमतेम दीड. वय वाढलं किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी झाला की त्याहूनही कमी.

इथेच उपचार फसतात. समजा, दिवसभर चामडी बूट घालणारे पन्नाशीतले एक सुरक्षारक्षक आहेत. अंगठ्याचं नख 16 मिलिमीटर लांब, त्यातलं पुढचं 11 मिलिमीटर बिघडलेलं. तपासणीत बुरशी सापडली आणि डॉक्टरांनी टर्बिनाफिनची 250 मिलिग्रॅमची गोळी रोज एक, 12 आठवडे दिली. गोळ्या संपल्या तेव्हा नख सुमारे 4 मिलिमीटर पुढे आलं होतं. म्हणजे 7 मिलिमीटर नख अजून पिवळंच. गृहस्थांना वाटणार, औषध वाया गेलं. वास्तविक औषध लागू पडलेलं असू शकतं. ते नखात गोळ्या थांबल्यावरही काही महिने टिकतं, पण बिघडलेलं नख ते दुरुस्त करत नाही, नव्याने येणारं नख निरोगी ठेवतं. जुनं नख वाढून कापलं जाईपर्यंत या माणसाला आणखी पाच-सहा महिने लागतील. पूर्ण नख बिघडलं असेल तर वर्ष ते दीड वर्ष.

म्हणून टोकाकडे न पाहता मुळाकडे पाहावं. चांगल्या आणि बिघडलेल्या भागाच्या सीमेवर कानशीने बारीक खूण करावी. महिन्याभराने खूण पुढे सरकलेली आणि तिच्यामागचं नख स्वच्छ असेल, तर औषध काम करतंय. पिवळेपणा खूण ओलांडून मुळाकडे आला, तर डॉक्टरांना दाखवावं.

तपासणीशिवाय गोळ्या सुरू करू नयेत, असं मी आग्रहाने सांगेन. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी असते. सोरायसिस, बुटाचा वर्षानुवर्षांचा मार, नुसतं वय यांनीही नख असंच दिसतं. नखाखालचा भुगा, तोही शक्य तितका मुळाच्या बाजूचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नुसतं टोक कापून पाठवलं तर तिथली बुरशी मेलेली असते आणि बुरशी वाढवून पाहण्याची चाचणी फसते. टर्बिनाफिनचा क्वचित यकृतावर परिणाम होतो, त्यामुळे आधी रक्त तपासून घेतात. मधुमेह्यांनी तर थांबूच नये. जाड नखाच्या दाबाने खाली जखम होते आणि पायाची संवेदना कमी झालेली असेल तर ती कळतही नाही.

बरं झालेलं नख पुन्हा बिघडण्याचं प्रमाणही बरंच आहे. त्यामागे बहुधा तळव्यावर राहिलेली बुरशी असते, कधी जुने बूट, कधी घरात दुसऱ्या कुणाचे पाय. नखाबरोबर बेचक्यांवर आणि तळव्यांवरही बुरशीनाशक मलम लावावं लागतं. दुकानातून सहज मिळणारं स्टिरॉइड मिसळलेलं मलम मात्र लावू नये. त्याने खाज थांबते आणि बुरशी तिथेच पसरत राहते.