शून्य अथवा २७५ ते ५०० : एका द्विमूल्य चलाचे कार्य

पिंपरी, भोसरी व चाकण या पट्ट्यातील कारखान्यांची साप्ताहिक सुटी बहुधा गुरुवारी असते. त्या दिवशी यंत्रशाळांचा विजेचा भार उतरतो. मात्र पिंपळे सौदागरसारख्या वस्तीतील घरांचा, उद्‌वाहकांचा व पाणी चढविणाऱ्या पंपांचा भार चालूच राहतो. दुपारी सौर वीज भरपूर असली म्हणजे कोळशावरील संचांकडून अपेक्षिलेला वाटा आणखी कमी होतो. हा वाटा हवा तितका कमी करता येईल, असे सामान्यतः वाटते. वस्तुतः तसे नसते. कोळशाच्या बाष्पकात ज्वाला स्थिर राहण्यास काही किमान भार लागतो. त्याखाली गेल्यास ज्वाला डळमळते आणि तेल जाळून तिला आधार द्यावा लागतो. केंद्रीय विद्युत नियामक आयोगाने २०१६ मध्ये केंद्रीय निर्मिती संचांसाठी ही तांत्रिक किमान मर्यादा क्षमतेच्या ५५ टक्के ठरविली. ५०० मेगावॉटच्या संचास ती लावली तर २७५ मेगावॉट येते. असा संच बंद असेल, किंवा २७५ ते ५०० यांच्या दरम्यान चालेल; १०० मेगावॉट ही त्याच्या बाबतीत संभवनीय अवस्थाच नव्हे.

शून्य हे एक मूल्य आणि त्यापासून तुटून असलेला एक अखंड पल्ला, असे ज्याचे क्षेत्र असते त्या चलास अर्धसतत चल म्हणतात. रेषीय नियोजनास हे क्षेत्र मानवत नाही. त्या पद्धतीत दोन ग्राह्य बिंदूंना जोडणाऱ्या रेषेवरील प्रत्येक बिंदू ग्राह्य असावा लागतो, आणि येथे शून्य व २७५ यांच्यामधला सारा प्रदेश वर्ज्य आहे. मराठीत हीच अट ‘चालवावयाचाच असेल तर निदान २७५’ अशा वाक्याने सहज सांगितली जाते. सारा अर्थ त्यातील ‘असेल तर’ या अंशात आहे; तो गाळला तर ‘निदान २७५’ एवढेच उरते आणि संच बंद करण्याची मुभाच नाहीशी होते. म्हणून या अंशाला स्वतंत्र चिन्ह द्यावे लागते. ते चिन्ह म्हणजे केवळ शून्य किंवा एक ही मूल्ये घेणारा चल y. संचाचा भार x मानल्यास :

```
275*y <= x
x <= 500*y
```

y शून्य असता दोन्ही बंधने मिळून x ला शून्यावर आणतात. Y एक असता x ला २७५ ते ५०० ची मोकळीक मिळते. ‘एक तर’ साठी एक चिन्ह आणि ‘किंवा’ साठी दुसरे, असे येथे लागत नाही. किमान मर्यादा शून्याहून मोठी असल्यामुळे x वरून y चे मूल्य निःसंदिग्धपणे ठरते : भार असेल तर y एकच, नसेल तर शून्यच. किमान मर्यादा शून्य असती तर हे साधले नसते. Y एक असूनही x शून्य राहू शकला असता.

याचा परिणाम पाहण्यासाठी दोनच संचांची एक काल्पनिक व्यवस्था घेऊ : एक ५०० मेगावॉटचा, दुसरा २१० चा. (या दोन्ही मापांचे संच चंद्रपूरच्या केंद्रात उभारले गेले आहेत, पुढील खर्चाचे आकडे मात्र उदाहरणापुरते आहेत.) लहान संचाची किमान मर्यादा ११५.५ मेगावॉट होते. मोठा संच चालू ठेवण्याचा स्थिर खर्च तासाला १,५०,००० रुपये व वर प्रत्येक मेगावॉट-तासास ३,००० रुपये. लहानाचा अनुक्रमे ६०,००० व ३,२०० रुपये.

मागणी ४०० असेल तर मोठा संच एकटा ती भागवितो आणि खर्च १३,५०,००० रुपये येतो. दोन्ही चालविल्यास लहानाला ११५.५ व मोठ्याला २८४.५ देणे सर्वांत स्वस्त, तरी खर्च १४,३३,१०० रुपये होतो. निर्णय सोपा आहे. मागणी २४० झाली की अडचण उभी राहते. लहान संच २१० वर थांबतो, मोठा २७५ च्या खाली येत नाही आणि दोन्ही मिळून किमान ३९०.५ देतात. २१० आणि २७५ यांच्यामधल्या कोणत्याही मागणीला या व्यवस्थेत उत्तरच नाही.

आता y ला शून्य ते एक यांमधील अपूर्णांकही चालेल असे मानून शिथिल प्रश्न सोडविला, तर उत्तर मात्र मिळते : मोठ्या संचाचा y ०.४८, भार २४० आणि खर्च ७,९२,००० रुपये. कागदावर हे निर्दोष दिसते. प्रत्यक्षात संच किमान मर्यादेच्या खाली चालला आहे. y चे नजीकच्या पूर्णांकात रूपांतर करूनही सुटका नाही. शून्य केल्यास वीजच नाही, एक केल्यास ३५ मेगावॉट जास्त. १९६० मध्ये लँड व डॉइग यांनी मांडलेल्या शाखापद्धतीने येथे दोनच फांद्या फुटतात. मोठा संच बंद या फांदीत २१० हून अधिक वीज नाही. चालू या फांदीत २७५ हून कमी नाही. दोन्ही फांद्या खुंटतात आणि ‘उत्तर नाही’ असा निर्वाळा मिळतो. हा निर्वाळा मांडणीतील चूक समजून किमान मर्यादा सैल करण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो निर्वाळा खरा असतो, आणि त्याचा अर्थ एवढाच की तिसरा स्रोत हवा. लहान संच पूर्ण चालवून ३० मेगावॉट बाहेरून घ्यावे, की मोठा २७५ वर ठेवून ३५ मेगावॉट सौर वीज रोखावी? पहिल्यात संचाचा खर्च ७,३२,००० रुपये, दुसऱ्यात ९,७५,०००. फरक २,४३,००० रुपयांचा. म्हणजे बाहेरची वीज युनिटमागे ८ रुपये १० पैशांहून स्वस्त असेल तोवर पहिला मार्ग बरा. रोखलेल्या सौर विजेची काही भरपाई द्यावी लागत असेल तर ही सीमा आणखी वर सरकते.

दुसऱ्या बंधनात ५०० च्या जागी कोणी ‘पुरेसा मोठा’ म्हणून १०,००,००० घालतात व क्षमतेची मर्यादा वेगळी लिहितात. तर्कदृष्ट्या अट तीच राहते, पण शिथिल प्रश्न पोकळ होतो. ४०० मागणीच्या प्रश्नात ५०० घातल्यास शिथिल खर्च १३,२०,००० रुपये, म्हणजे खऱ्या १३,५०,००० च्या बराच जवळ येतो. दहा लाख घातल्यास y ०.०००४ एवढाच लागतो आणि स्थिर खर्चाचे अवघे ६० रुपये धरले जाऊन शिथिल खर्च १२,००,०६० वर घसरतो. फांद्या छाटण्यास या आकड्याचाच आधार असल्याने शोध अकारण लांबतो. याहून घातक गोष्ट निराळीच. गणकयंत्रातील प्रणाली ०.००००१ इतक्या y लाही बहुधा शून्यच समजतात. दहा लाखांनी गुणल्यावर तेवढ्यातून १० मेगावॉट निसटतात, आणि ‘बंद’ संच वीज देताना दिसतो. उत्तर हाती येताच y शून्य असलेल्या प्रत्येक संचाचा x तपासला तर ही गळती तत्काळ उघड होते.

कित्येक प्रणालींत y न लिहिता x लाच अर्धसतत घोषित करता येते. त्यासाठी `semi-continuous` असा विभाग असतो. तेथे २७५ व ५०० या सीमा नेहमीप्रमाणेच लिहावयाच्या असतात. घोषणा विसरली तर त्याच सीमा साध्या चलाच्या ठरून संच कायमचा चालू राहतो, आणि प्रणाली त्याबद्दल चकार शब्द काढीत नाही. शिवाय येथे स्थिर खर्च आहे, आणि तो जोडण्यास y हवाच. म्हणून प्रस्तुत प्रश्नात घोषणेपेक्षा दोन बंधनेच उपयुक्त.

एका y ची शक्ती मर्यादित आहे. तो एका तासाची स्थिती सांगतो. काल रात्री संच बंद होता की चालू, हे त्याला ठाऊक नसते. थंड पडलेला कोळशाचा संच पुन्हा भारावर आणण्यास कित्येक तास व पुष्कळ तेल लागते. तो खर्च धरण्यासाठी लागोपाठच्या तासांतील y ची तुलना करणारा आणखी एक चल लागतो. जलविद्युत संचांत तर पल्लाच मध्ये तुटतो. फ्रान्सिस जातीच्या चक्रात अर्धवट भारावर निर्गमनलिकेत पाण्याचा भोवरा उठून यंत्र हादरते, म्हणून तो टप्पा टाळावा लागतो. शून्य, खालचा पल्ला व वरचा पल्ला अशा तीन अवस्था तेथे उरतात. तेथे प्रत्येक पल्ल्याला आपापला y द्यावा आणि दोहोंची बेरीज एकाहून अधिक होऊ देऊ नये.