शेवटच्या ओळीत काय मागावं?

उकडीच्या मोदकांच्या रीलखाली ‘प्लीज फॉलो करा’ लिहिलं, तर त्यात बघणाऱ्याचा काय फायदा? त्याऐवजी लिहावं, ‘एक वाटी पिठीला एक वाटी पाणी. चतुर्थीच्या सकाळी शोधाशोध नको, म्हणून सेव्ह करून ठेवा.’ आता सेव्ह करायला कारण मिळालं. मात्र पूर्ण प्रमाण पोस्टमध्ये खरोखर हवं.

कमेंटसाठी ‘कशी वाटली रेसिपी?’ विचारलं, की ‘छान’ एवढंच येतं. ‘तुमच्याकडे सारणात खसखस घालतात का?’ याचं उत्तर घरोघरी वेगळं, आणि दोन शब्दांत देता येण्याजोगं. ‘आवडलं तर कमेंटमध्ये होय लिहा’ हे टाळावंच. अशी नुसती प्रतिसाद उकळणारी पोस्ट मागे ढकलण्याचं धोरण फेसबुकनं २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. खसखशीच्या प्रश्नाखाली लोक एकमेकांना उत्तरं देऊ लागले, तर प्रश्न बरोबर बसला असं समजावं.