सोन्याचा भाव रोज पाहायचा, पण कोणता?

जेऊरमधल्या घरात लग्नासाठी २० ग्रॅमच्या पाटल्या घ्यायच्या आहेत आणि हाताशी ३ लाख रुपये आहेत, असे धरू. आधी उलटा हिशेब करून लक्ष्यभाव ठरवावा. घडणावळ १२ टक्के आणि वर ३ टक्के जीएसटी धरला, तर २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला १३,००० रुपये असताना बिल २,९९,९३६ रुपये होते. म्हणजे लक्ष्य १३,०००.

मग मोबाइलवर रोज सायंकाळचा गजर लावून ‘इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन’चा भाव वहीत टिपावा. तो १० ग्रॅमचा आणि जीएसटी वगळून असतो. २२ कॅरेटसाठी ‘९१६’ची ओळ पाहायची, ‘९९९’ म्हणजे २४ कॅरेट. खरी गफलत इथेच होते. शनिवार-रविवारी नवा भाव निघत नाही. तेव्हा दिसणारा आकडा शुक्रवारचाच.

लक्ष्य गाठले की लगेच आपल्या सराफाला फोन करावा, कारण बिल त्याच्या भावाने होते. आगाऊ रक्कम देऊन भाव बांधला, तर तो पावतीवर लिहून घ्यावा. आणि घडवायला लागणारे दिवस सोडून एक अखेरची तारीख ठरवा. तोवर लक्ष्य आले नाही, तर त्या दिवशीच्या भावाने बसेल तेवढ्या वजनाच्या पाटल्या घ्या.