लंबवर्तुळ : क्षेत्रफळ सोपे, परीघ अवघड

बागेत 10 मीटर लांब आणि 6 मीटर रुंद असा लंबवर्तुळाकार वाफा आखला, तर त्याचे अर्ध-अक्ष 5 आणि 3 मीटर. क्षेत्रफळाचे सूत्र πab, म्हणजे सुमारे 47.12 चौरस मीटर. हे 5 मीटर त्रिज्येच्या वर्तुळावरूनच येते. वर्तुळाच्या उभ्या पट्ट्या पाडून प्रत्येकीची उंची 3/5 केली की लंबवर्तुळ मिळते आणि क्षेत्रफळही तेवढेच घटते.

कडेला विटा लावायच्या झाल्या की पंचाईत होते. वर्तुळ असे दाबताना कडेचा आडवा तुकडा तेवढाच राहतो, उभा 3/5 होतो आणि तिरपे तुकडे त्यांच्या कलाप्रमाणे कमीजास्त आखडतात. गुणोत्तर जागोजागी बदलते. या तुकड्यांची बेरीज करणारे संकलन (इंटिग्रल) बीजगणित, त्रिकोणमिती आणि लॉगरिदमच्या नेहमीच्या फलांत बसत नाही, हे 19व्या शतकात लिउव्हिलने सिद्ध केले. म्हणजे सूत्र अजून सापडायचे आहे असे नव्हे. तसे सूत्रच नाही. अनंत श्रेणीने मात्र हवे तितके अचूक उत्तर काढता येते.

π(a+b) हा सोपा अंदाज 25.13 मीटर देतो. खरा परीघ 25.527, म्हणजे विटा 39 सेंटीमीटर कमी पडतील. रामानुजन यांचे 1914चे सूत्र वापरा:

π[3(a+b) − √((3a+b)(a+3b))]

इथे त्याची चूक मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढी आहे. पण लंबवर्तुळ फार चपटे असेल, तर तेही चुकू लागते.